पाँडिंग टेस्टला पाणी उतरतंय? मेंब्रेन उखडण्याआधी या क्रमानं तपासा

कोल्हापुरात फरशी आणि वॉटरप्रूफिंगची कामं करताना मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन असा असतो: "दादा, बाथरूमला केमिकल मारलं, पाणी भरून ठेवलं आणि सकाळी बघतोय तर पाणी कमी झालंय. आता सगळं काढायचं काय?" बहुतेक वेळा सगळं काढावं लागत नाही. पाणी कुठून गेलं ते शोधलं, की दुरुस्ती हातभर जागेत होते. पण शोधायचा क्रम चुकला तर चांगलं मेंब्रेन फोडलं जातं आणि गळती होती तिथेच राहते.

फरशी बसण्याआधीच्या बाथरूमबद्दलच मी इथे लिहितोय. दोन घटकांचं, म्हणजे पावडर आणि लिक्विड मिसळून ब्रशनं मारायचं सिमेंटचं मेंब्रेन धरून चाललोय, कारण आपल्याकडच्या घरांत बहुतेक तेच वापरतात.

लक्षणं आधी नीट ओळखा

पाणी भरून ठेवायचं आणि ते कुठून गळतं का ते बघायचं, हीच पाँडिंग टेस्ट. त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात: वर पाण्याची पातळी आणि खाली स्लॅबचा तळ. या दोन्ही एकत्र वाचल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

पातळी उतरली, पण खालचं छत आणि शेजारच्या भिंती कोरड्या आहेत. अशा वेळी पाणी बहुतेक नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या, बुचातून ड्रेनेजला गेलेलं असतं, किंवा हवेत उडालेलं असतं. मेंब्रेनवर लगेच आळ घेऊ नका.

पातळी उतरली आणि खाली ओलही आली. इथे मेंब्रेनमध्ये, किंवा मेंब्रेन आणि पाइप यांच्या जोडात, वाट आहे.

पातळी जागची हलली नाही, तरी खाली ओल आहे. हे पाणी बहुतेक दुसरीकडून येतंय: नळाचा पाइप, वरच्या मजल्याचं ड्रेनेज, बाहेरच्या भिंतीतून मुरलेला पाऊस, किंवा संकनच्या, म्हणजे खोलगट घेतलेल्या स्लॅबच्या, कोब्याच्या भरावात आधीपासून साठलेलं पाणी. मात्र इथे एक अडचण आहे. सात बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये १ मिमी पाणी म्हणजे साधारण ३ लिटर. पट्टीवर १ मिमीपेक्षा कमी फरक खात्रीनं वाचता येत नाही. म्हणजे दिवसाला लिटरभर पाणी झिरपत असेल तर पातळी "हलली नाही" असंच दिसणार. म्हणून पातळीवर एकट्या विसंबू नका, छत बघितल्याशिवाय टेस्ट पास म्हणू नका.

चौथं लक्षण मेंब्रेनवरच दिसतं. पाण्याखाली फुगे येतात, पापुद्रा सुटतो, किंवा पाणी दुधाळ होतं. दुधाळ पाणी म्हणजे कोट पुरता पिकायच्या आधीच पाणी भरलं गेलंय.

पहिली तपासणी: टेस्ट तरी बरोबर झाली का?

याला पैसे लागत नाहीत, आणि मला आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या आहेत.

शेवटच्या कोटनंतर किती दिवसांनी पाणी भरलं ते विचारा. मेंब्रेन सुकणं वेगळं आणि पिकणं वेगळं. हाताला कोरडं लागतं ते दुसऱ्या दिवशीच, पण पाण्याखाली राहण्याइतकं पक्कं व्हायला कंपनीनुसार साधारण ३ ते ७ दिवस लागतात. पिशवीवर आकडा लिहिलेला असतो, तोच खरा धरा. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडची हवा इतकी दमट असते की मी त्या काळात ७ दिवसांच्या आत पाणी भरत नाही. खिडकी बंद ठेवलेल्या आतल्या बाथरूमला तर आणखी दोन दिवस देतो.

इथेच एक चूक सांगून ठेवतो. गवंड्याला सिमेंट दिसलं की पाणी मारायची सवय असते. गिलाव्याला ते बरोबरच आहे. पण या मेंब्रेनमध्ये पॉलिमर असतं आणि त्याला थर धरायला हवेत सुकावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं नळी घेऊन क्युरिंग केलं की वरचा थर धुऊन जातो. पत्रकात स्पष्ट लिहिलं नसेल तर पाणी मारू नका.

पाणी किती भरलं तेही बघा. सगळ्यात उंच जागी किमान २५ मिमी हवं. जमिनीला उतार असतो, त्यामुळे ट्रॅपजवळ तेच ५० मिमीच्या आसपास जातं. जास्त पाणी म्हणजे जास्त कडक परीक्षा असं समजून काहीजण फूटभर भरतात. ५० मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं, फूटभर भरलं तर ३०० किलोच्या वर जातं. असं करू नका. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत वरचा मजला लाकडी तुळयांवर असेल तर तिथे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाणी भरूच नका.

आता बादली. एप्रिलच्या उन्हात, खिडकी उघडी असेल तर पाणी हवेतच उडतं, आणि लोक ती गळती समजतात. त्यावर साधा उपाय आहे. एक बादली जवळजवळ काठोकाठ भरून त्याच साठवलेल्या पाण्यात ठेवा. बादलीच्या आत पेन्सिलीनं पातळीची खूण करा, भिंतीवर बाहेरच्या पाण्याची खूण करा. भरल्या भरल्या खूण करू नका. कोरडा कोट सुरुवातीला थोडं पाणी पितो, म्हणून तीन-चार तास जाऊ द्या आणि मग रेघ ओढा. २४ तासांनी दोन्ही मोजा. बादलीत ३ मिमी उतरलं आणि जमिनीवरही ३ उतरलं, तर गळती नाही. जमिनीवर जेवढं जास्त उतरलं तेवढंच हिशेबात धरायचं.

दुसरी तपासणी: बूच आणि उंबऱ्याचा बांध

ट्रॅपच्या तोंडात चिंध्या कोंबून वर प्लास्टिकची पिशवी बांधणे, ही पद्धत रात्रभर टिकत नाही. प्लंबरच्या दुकानात रबरी टेस्ट प्लग मिळतो. मधला नट फिरवला की रबर फुगतं आणि तोंड घट्ट बसतं. तो आणा. पाण्यात थोडा खायचा रंग टाका आणि खालच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबरमध्ये रंगीत पाणी उतरलं तर बूच गळतंय, मेंब्रेन नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे बूच कुठे बसवलंय. काही मिस्त्री ट्रॅपवर सिमेंटचा गोळाच थापतात. गोळा ट्रॅपच्या कडेवरून चार बोटं बाहेर पसरतो, म्हणजे ट्रॅप आणि जमीन यांचा जोड त्याच्याखाली झाकला जातो. पाणी त्या जोडाला लागतच नाही, टेस्ट पास होते, आणि गळायची सगळ्यात मोठी शक्यता जिथे होती ती जागा तपासलीच जात नाही. प्लग ट्रॅपच्या तोंडाच्या आत, खाली बसला पाहिजे, म्हणजे कडेवर पाणी उभं राहील.

दारात विटांचा किंवा मालाचा बांध घालतात. तो मेंब्रेनच्या वर घातलेला असला पाहिजे, आणि मेंब्रेन त्याच्या खालून उंबऱ्यापर्यंत गेलेलं हवं. बांध कोरड्या कोब्यावर थापला असेल तर पाणी त्याच्या पोटातून बेडरूमच्या फरशीखाली जातं. बाहेरच्या बाजूला बांधाच्या पायाशी वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. कागद भिजला की समजलं.

तिसरी तपासणी: नळाचे पाइप

पातळी स्थिर आणि तरी खाली ओल, अशा वेळी ही तपासणी पहिली घ्या. टाकीवरून बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह दोन दिवस पूर्ण बंद ठेवा, साठवलेलं पाणी तसंच राहू द्या. छतावरची ओल पसरायची थांबली किंवा कडेनं सुकायला लागली, तर दोष पाइपात आहे. खात्रीसाठी प्लंबरकडून हातपंपानं प्रेशर टेस्ट करून घ्या. काटा तासाभरात खाली आला तर एखादा जोड गळतोय.

खरं तर ही टेस्ट पाइपसाठी भिंतीत कापलेल्या घळी बुजवण्याआधीच व्हायला हवी. कामाचा योग्य क्रम असा: भिंतीत पाइप टाका, प्रेशर टेस्ट करा, घळी बुजवा, गिलावा करा, जमीन-भिंतीच्या कोपऱ्यांना मालाचा गोलसर वाटा मारा, मग मेंब्रेन, मग पाणी भरणे, मग फरशी. यातलं मेंब्रेन आणि प्लंबर यांची जागा अदलाबदल झाली की काय होतं, ते पुढच्या उदाहरणात येईल.

चौथी तपासणी: पाणी कुठे थांबतं ते बघा

वरच्या तिन्ही तपासण्या झाल्या आणि पाणी तरीही बादलीपेक्षा जास्त उतरतंय, तर लगेच पुन्हा भरू नका. उतरू द्या. मला सर्वात उपयोगी पडलेली युक्ती हीच आहे.

पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडे एका पातळीत असतो. भोक भिंतीत ३० मिमी उंचीवर असेल तर पाणी तिथपर्यंतच उतरेल, त्याखाली बादलीच्या वेगानंच कमी होईल. म्हणजे पाणी जिथे थबकलं, त्याच रेघेवर कुठेतरी भोक आहे. ती रेघ चारी भिंतींवर पेन्सिलीनं ओढून घ्या आणि मग फक्त त्या रेघेवर शोधा. पाणी थांबलंच नाही आणि ट्रॅपपर्यंत पूर्ण उतरलं, तर दोष ट्रॅपच्या कडेला किंवा खालच्या जमिनीत आहे.

कळंब्याच्या बाजूला एका पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये झालेलं सांगतो. बाथरूम २.१ बाय १.५ मीटर, म्हणजे जमीन ३.१५ चौरस मीटर. काम दुसऱ्या ठेकेदाराचं होतं. खालच्या काकूंनी दाखवलेली ओल बाथरूमच्या खाली नव्हती, तिच्या शेजारच्या खोलीच्या छताच्या कडेला होती. काकू म्हणाल्या, "बाथरूम तिकडं आणि ओल इकडं, म्हंजे पाऊसच असणार की वो." महिना एप्रिलचा होता, पाऊस नव्हता.

ट्रॅपजवळ ५० मिमी पाणी भरलं. बादली आत ठेवली. २४ तासांनी पाणी ४१ मिमीवर आलं, बादलीत ३ मिमी उतरलं होतं. म्हणजे ६ मिमी जादा गेलं. ३.१५ चौरस मीटरवर ६ मिमी म्हणजे १९ लिटर. एवढं पाणी पिनच्या टोकाएवढ्या छिद्रातून जाणं कठीण, म्हणजे वाट मोठी आहे हे तेव्हाच कळलं. प्लग काढून पुन्हा बसवला, चेंबर कोरडं होतं. दाराबाहेरचा कागद कोरडा होता. मग पाणी उतरू दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ३२ मिमीवर आलं, आणि त्यानंतर बादलीच्या बरोबरीनंच उतरायला लागलं.

ट्रॅपजवळच्या ३२ च्या पातळीची रेघ चारी बाजूंनी ओढली. तीन भिंतींवर काही नव्हतं. चौथ्या भिंतीवर, जिथे वॉश बेसिन येणार होतं, रेघ बरोबर एका नव्या घळीच्या तळाला टेकत होती. बेसिनची जागा मालकांनी ऐनवेळी वीतभर सरकवली होती. प्लंबरनं मेंब्रेन झाल्यावर भिंत कापून वेस्ट पाइप बसवला, मालानं घळ बुजवली, आणि गवंड्यानं वरून एक हात ब्रश फिरवला. माल आकसून कडेला केसाएवढी फट पडली होती, पण ती वीतभर लांब होती. पाणी त्या फटीतून भिंतीत शिरून विटांतून पलीकडच्या खोलीच्या बाजूला उतरत होतं. म्हणूनच ओल बाथरूमच्या खाली दिसत नव्हती.

दुरुस्ती त्या घळीपुरतीच झाली. जमिनीला हात लावला नाही. कोट पिकल्यावर पुन्हा ५० मिमी पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. बादली आणि जमीन दोन्हीकडे सारखंच उतरलं.

पाचवी तपासणी: ट्रॅपची कड

पाणी तळापर्यंत उतरत असेल तर आधी इथेच बघा. नहाणी ट्रॅप पीव्हीसीचा असतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय गरम पाणी पडलं की पीव्हीसी सिमेंटपेक्षा जास्त फुगतो आणि गार झाला की आकसतो. दोन-चार वर्षांत जोडाला बारीक गोल फट पडते. खालच्या छतावर पाइपभोवती ओलीचं कडं दिसतं, ते याचंच लक्षण.

दुरुस्ती घाई न करता करावी लागते. पाणी काढून एक दिवस सुकू द्या. ट्रॅपभोवती दोन-तीन इंच रुंद आणि इंचभर खोल कड छिन्नीनं हळू काढा. हातोडा ट्रॅपवर बसू देऊ नका. ट्रॅप हलला तर खालचा जोडही सुटतो. आता पीव्हीसीची बाहेरची बाजू जाड पॉलिश पेपरनं खरखरीत करा, त्यावर पीव्हीसी सोल्यूशन लावा आणि ओलं असतानाच कोरडी जाड वाळू शिंपडा. सोल्यूशन सुकलं की वाळू पाइपाला चिकटून राहते आणि सिमेंटला धरायला जागा मिळते. पुष्कळ कामांत एवढी एकच पायरी गाळलेली असते.

खाच नॉन-श्रिंक ग्राउटनं भरा. साधा माल आकसतो, म्हणून तो इथे चालत नाही. ग्राउट पक्कं झालं की जागा ओलसर करा, पहिला कोट मारा, आणि तो ओला असतानाच फायबरच्या जाळीचा हातभर लांब तुकडा कडेभोवती दाबून बसवा. जाळी कोटात पूर्ण बुडाली पाहिजे, वर तरंगलेली दिसता कामा नये. दुसरा कोट जाळीच्या वरून ट्रॅपच्या तोंडाच्या आत बोटाच्या दोन पेरांइतका उतरवा. म्हणजे पाणी कोटावरूनच ट्रॅपमध्ये जाईल, कोटाखाली शिरणार नाही.

सहावी तपासणी: कोट पातळ पडलाय का?

यासाठी काही फोडायचं नाही, रिकाम्या पिशव्या मोजायच्या. कळंब्याच्या त्याच बाथरूमचा हिशेब घ्या. जमीन ३.१५ चौरस मीटर. शॉवरकडच्या दोन भिंती १.५ आणि १.२ मीटर रुंद, १.८ मीटर उंचीपर्यंत कोट हवा, म्हणजे ४.८६. दार सोडून उरलेल्या ३.७५ मीटर भिंतीला खाली फूटभर, म्हणजे १.१ च्या आसपास. एकूण सुमारे ९ चौरस मीटर. अशा मेंब्रेनचं दोन कोटचं प्रमाण साधारण दीड ते दोन किलो चौरस मीटरला असतं, नेमका आकडा तुमच्या पिशवीवर बघा. म्हणजे १४ ते १८ किलो माल लागायला हवा. जागेवर ८-१० किलोचीच पिशवी रिकामी दिसली, तर एकतर एकच कोट झालाय, किंवा लिक्विडमध्ये पाणी घालून माल वाढवलाय. पाणी घातलेला कोट सुकल्यावर दिसायला छान दिसतो, पण नखानं खरवडला की पावडर निघते.

कोपरेही बघा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन राहिला असेल, वाटा मारला नसेल, तर ब्रश आत पोचत नाही आणि कोट तिथे तारेसारखा ताणला जातो. तिथे बारीक उभी-आडवी चीर पडते. वाटा साधारण दोन इंचांचा, गोलसर हवा. उलट कोट जिथे साचून जाड झालाय तिथेही चिरा पडतात, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. असा भाग खरवडून पुन्हा पातळ दोन कोट द्यावे लागतात.

तिसरी जागा म्हणजे पृष्ठभाग. नाण्यानं कोट खरवडून बघा. पापुद्रा निघाला आणि त्याच्या पाठीला सिमेंटची धूळ चिकटली असेल, तर खालची जमीन झाडलेली नव्हती किंवा गिलावा कच्चा होता. घोटून गुळगुळीत केलेल्या गिलाव्यावर कोट धरत नाही, तो आधी वायर ब्रशनं घासावा लागतो. आणि मारताना जमीन कशी हवी? पाणी शिंपडून ओलसर, पण वर पाणी तरळत नसावं. हात ठेवला तर गार लागावा, ओला होऊ नये. कोरडी जमीन कोटमधलं पाणी शोषून घेते आणि बारीक छिद्रं राहतात. साचलेल्या पाण्यावर मारला तर कोट पातळ होतो.

पुन्हा कोट मारायचा ठरला तर पहिला उभा आणि दुसरा आडवा ब्रश फिरवा. काही कंपन्यांचा माल करडा आणि पांढरा अशा दोन रंगांत येतो. पहिला करडा, दुसरा पांढरा घेतला की ब्रश कुठे चुकला ते लगेच डोळ्याला दिसतं. मिसळलेला माल साधारण अर्ध्या-पाऊण तासात वापरून संपवा. घट्ट व्हायला लागला की पाणी घालून पातळ करू नका, टाकून द्या. यावरून माझं ठेकेदारांशी कायम भांडण होतं, पण यात मी सवलत देत नाही.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

कोब्यात पाणी साठलेलं असेल तर घरगुती दुरुस्ती पुरत नाही. जुन्या बाथरूममध्ये संकन स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरचं मेंब्रेन चांगलं असूनही खाली आठवडे ठिबकत राहतं. त्यात संकनचा तळ आणि कोब्याचा वरचा भाग अशी दोन ठिकाणी वॉटरप्रूफिंग लागते, आणि कोबा काढायचा की नाही हे जागा बघूनच ठरतं.

खाली स्लॅबचा गिलावा फुगलाय, काँक्रीटचे पोपडे पडलेत, गंजलेली सळई दिसतेय, किंवा बाथरूम बाहेर काढलेल्या कॅन्टिलिव्हर स्लॅबवर आहे आणि भिंतीच्या रेघेत चीर दिसते. यातलं काहीही असेल तर पाणी तेव्हाच काढून टाका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हा प्रश्न तेव्हा गळतीचा राहत नाही. पाइपसाठी बीममधून कोअर मारायचं कुणी सुचवलं तर त्यालाही इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय हो म्हणू नका.

ओल गिझरच्या पॉइंटजवळ, स्विच बोर्डजवळ किंवा खालच्या छतातल्या दिव्याच्या पेटीत दिसली तर त्या भागाचा एमसीबी आधी पाडा, बाकी तपासणी मग. इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय तो पुन्हा चढवू नका.

आणि एकाच जागी दोनदा दुरुस्ती करून तिसऱ्यांदा पाणी उतरलं, तर हात आवरा. पुन्हा कोट मारून काही होणार नाही. खाली हालचाल होणारी चीर किंवा सैल पाइप असतो आणि त्याला वेगळा उपाय लागतो.

पास झाल्यावर फरशी बसेपर्यंत

पाणी ४८ तास ठेवा. कोबा भरलेला असेल तर मी ७२ तास ठेवतो, कारण पाणी कोब्यातून खाली दिसायला वेळ लागतो. भिंतीवरच्या रेघेशी पट्टी लावून फोटो काढा, बादलीचा काढा, खालच्या छताचाही काढा. पाणी काढल्यावर खालचं छत आणखी दोन दिवस रोज बघा.

नंतर मोकळं मेंब्रेन उघडं ठेवू नका. शिडीचे पाय, पडलेली छिन्नी, खडीवरून ओढलेली फरशीची पेटी, यांनी एका मिनिटात टेस्ट वाया जाते. जमिनीवर लगेच संरक्षक मालाचा थर घाला किंवा ॲडेसिव्हवर फरशी सुरू करा. तोवर गोणपाट किंवा जुना पुठ्ठा पसरून ठेवा. आणि प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला, मालकांनासुद्धा स्पष्ट सांगा की आता या भिंतीत एक खिळाही ठोकायचा नाही. बेसिन सरकवायचं असेल तर आत्ता सांगा, मी त्या जागेचं मेंब्रेन पुन्हा करून पुन्हा पाणी भरीन.